प्रतिसाद: 314 की 315?

>> ड्रमवरच्या लेबलचा फोटो अस्पष्ट असला तरी H कोड वाचता आला की अरबी वाक्य मिळतंच.

H कोड म्हणजे रसायनाच्या धोक्याच्या ठरलेल्या वाक्याचा क्रमांक, तेव्हा त्यावरून वाक्य मिळतं हे खरं. रसायनांच्या लेबलांची जागतिक पद्धत असलेल्या जीएचएसची अरबी आवृत्ती संयुक्त राष्ट्रांचीच आहे, तेव्हा स्वतः भाषांतर न करता तिथलंच वाक्य उचलावं. पण गोल ड्रमवर चकाकणाऱ्या फोटोत H314 चा H315 सहज होतो. पहिला म्हणजे त्वचा गंभीर भाजणं, सिग्नल शब्द ‘डेंजर’. दुसरा नुसती जळजळ, ‘वॉर्निंग’. अरबीत अनुक्रमे ‘खतर’ आणि ‘तहझीर’.

म्हणून कोड एकटा वाचू नये. H315 शेजारी ‘डेंजर’ आणि हात-धातू खाणाऱ्या द्रवाचं चित्र दिसलं की थांबावं. अर्थात तेवढ्यावरून कोड बदलूही नये. काही क्लीनरवर H315 सोबत डोळ्यांच्या गंभीर इजेचा H318 असतो आणि शब्द-चित्र त्याच्यामुळे येतं. मग ‘गिळल्यास उलटी करवू नका’ (P301+P330+P331) शोधा. कॉस्टिक सोड्यासारख्या H314 मालावर ते सहसा असतं, H315-H318 जोडीत नसतं. तेही दिसत नसेल तर सेफ्टी डेटा शीटचा विभाग 2 मागवा, अंदाजाने भरू नका.