रात्रीची जाहिरात बंद करण्याआधी

"सांगलीत दातांचा दवाखाना आहे. फोन सगळे सकाळी १० ते १२ मध्ये येतात. मग रात्रीची जाहिरात बंद करू का?"

इतक्यात नको. गूगल अॅड्सच्या तासवार रिपोर्टमध्ये बुकिंग क्लिकच्या तासाला मोजलं जातं, फोनच्या नाही. दाढ ठणकते रात्री. माणूस साडेदहाला विश्रामबागेतला दवाखाना शोधून ठेवतो आणि फोन सकाळी करतो. ते बुकिंग रात्रीच्या क्लिकचं. नंबर लिहून ठेवून केलेला फोन तर बहुधा रिपोर्टमध्ये दिसतच नाही, म्हणून रिसेप्शनवरच्या ताईंना प्रत्येकाला "आमची माहिती कधी पाहिलीत?" हे विचारून वहीत लिहायला सांगा.

तास एकेक करून पाहू नका. समजा महिन्याला ४० बुकिंग आहेत; आठवड्याचे तास १६८, एका तासाच्या वाट्याला काहीच येत नाही. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे गट पाडा आणि दोन-तीन महिन्यांचा प्रति बुकिंग खर्च पाहा. रविवार वेगळा काढा.

रात्री जाहिरात राहू द्या, फक्त फोनचं बटण दवाखान्याच्या वेळेपुरतं ठेवा आणि रात्री अपॉइंटमेंटचा फॉर्म दाखवा. न उचललेला फोन म्हणजे शेजारच्या दवाखान्याला दिलेला पेशंट. आणि हो, स्मार्ट बिडिंग चालू असेल, म्हणजे बोली गूगलच आपोआप ठरवत असेल, तर ठरावीक तासांना बोली कमी-जास्त करायला लावलेली टक्केवारी धरली जात नाही, ती वेळ पूर्ण बंद केली तरच फरक पडतो.