धागा: विधान-कारणचे प्रश्न, तुमचे अनुभव सांगा

पारिजातक: लेकीच्या दहावीच्या सायन्सच्या सराव पेपरात असर्शन-रीझनचे चार प्रश्न बघितले आणि थेट एम्सची प्रवेश परीक्षा आठवली. तेव्हा ती वेगळी होती, २०२० पासून नीटमध्येच गेली. आम्ही त्या प्रश्नांना 'अ-क' म्हणायचो. लेकीचा अडकलेला प्रश्न असा:
विधान: मिठाचं पाण्यातलं द्रावण वीज वाहून नेतं.
कारण: मीठ पाण्यात विरघळतं.
तिने पहिला पर्याय टिकवला, म्हणजे दोन्ही बरोबर आणि कारणही योग्य. उत्तर दुसरा आहे, म्हणजे दोन्ही बरोबर पण कारण त्या विधानाचं नाही. आता कालपासून घरात वाद चालू आहे.

तिखटमीठ: सोप्पं आहे. मध्ये 'कारण' घालून वाचायचं. वाक्य जमलं तर पहिला, नाही जमलं तर दुसरा. माझ्या मुलाला क्लासमध्ये हेच सांगितलंय.

पारिजातक: तिनेही तेच केलं हो! "वीज वाहते, कारण मीठ विरघळतं." कानाला झकास लागतं.

जुनामास्तर: कानावर जाऊ नका. साखरही विरघळते. साखरेच्या पाण्यात दोन तारा सोडा, बल्ब पेटणार नाही. म्हणजे विरघळणं साखरेतही झालं, वीज मात्र वाहिली नाही. मग वीज वाहण्याचं श्रेय विरघळण्याला कसं देणार? खरं काम सुट्या झालेल्या आयनांचं. मी वर्गात एवढंच विचारायचो: कारण लागू पडतंय पण विधान पडत नाही, अशी एक तरी गोष्ट सापडते का? सापडली की पहिला पर्याय बाद.
आणि त्याआधी कारणावर हात ठेवून नुसतं विधान वाचायचं, मग विधानावर हात ठेवून नुसतं कारण. मुलं दोन्ही एका दमात वाचतात. कारण ऐटीत लिहिलेलं असतं, त्याच्या जोरावर चुकीचं विधानही खरं वाटायला लागतं.

कोकणकडा: आम्हाला 'शास्त्रीय कारणे द्या' दोन-दोन मार्कांना होते. लोणच्याला बुरशी का लागत नाही वगैरे. आमच्या बाई तीन ओळींच्या खाली मार्कच देत नसत. आजही हात दुखतो.

तिखटमीठ: @कोकणकडा अहो ते वेगळं, इथे नुसती टिक करायची असते 😀

कोकणकडा: मग त्यात अवघड काय?

रात्रपाळी: ड्युटीवरून लिहितोय, तुटक आहे. आमच्या वेळचा लाडका प्रश्न. विधान: फुप्फुस धमनीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं. कारण: धमन्या हृदयापासून रक्त दूर नेतात. अर्धी बॅच पहिल्यावर. मास्तरांची युक्ती लावा: महाधमनीही हृदयापासून दूरच नेते, पण तिच्यात ऑक्सिजनवालं रक्त. म्हणजे दुसरा पर्याय. त्या कारणाने तिला धमनी का म्हणतात ते कळतं, आत कुठलं रक्त आहे ते नाही.
अजून एक, चौथा पर्याय वाचल्याशिवाय टिक करू देऊ नका. आमच्याकडे तो 'दोन्ही चूक' असायचा, शाळेच्या पेपरात 'विधान चूक, कारण बरोबर' असतो. पाठांतरवाले तिथे आपटतात.

हिरवीमिरची: विधान: आज माझ्या पोळ्या करपल्या. कारण: मी हा धागा वाचत होते. पर्याय पहिला. 🙈

तिखटमीठ: @हिरवीमिरची मास्तरांना विचारा, धागा वाचूनही ज्यांच्या पोळ्या करपल्या नाहीत असं कुणी आहे का 😂

पारिजातक: हाहा. मास्तर, लेकीने युक्ती वाचली आणि उलट प्रश्न टाकलाय. कारण असं असतं तर: "मिठात सोडियम आणि क्लोराइड आयन असतात." मग पहिला ना?

जुनामास्तर: हुशार आहे. बरणीतल्या कोरड्या मिठातही तेच आयन असतात, पण जागच्या जागी जखडलेले. कोरडं मीठ वीज वाहत नाही. माझ्या युक्तीने दुसराच पर्याय येतो.

रात्रपाळी: इथे मी असहमत. विधानात 'द्रावण' शब्द आधीच आहे, म्हणजे आयन सुटे झालेत हे गृहीत. मग मिठात आयन आहेत आणि साखरेत नाहीत, हाच फरक उरतो. मी पहिला टिकवेन. सगळी साखळी कारणातच लिहिलेली हवी म्हटलं तर एकही प्रश्न पहिल्यात बसणार नाही.

जुनामास्तर: मुद्दा आहे. पण 'आयन सुटे होतात' एवढे दोन शब्द घालायला पेपर काढणाऱ्याचं काय जातं? असा प्रश्न मी तरी पेपरात घेणार नाही.

कोकणकडा: साखरेच्या पाण्याचं खरंच करून बघू का? घरात टॉर्चचा बल्ब आणि नऊ व्होल्टची बॅटरी आहे.

जुनामास्तर: बघा की. फक्त मिठाच्या पाण्यातही टॉर्चचा बल्ब बहुतेक पेटणार नाही, एलईडी घ्या आणि मीठ सढळ हाताने टाका. नळाच्या पाण्यात आधीच क्षार असतात, तेव्हा साखरेलाही एलईडी मिणमिणला तर मला शिव्या देऊ नका. इस्त्रीत घालायचं पाणी मिळालं तर ते वापरा.

हिरवीमिरची: इस्त्रीचं पाणी कुठे मिळतं हो ठाण्यात? आमच्याकडच्या दुकानदाराने ते ठेवणं बंद केलंय.