लॅपटॉपवर गोड पेय सांडलं तर: सफाईचे अनुभव लिहा

मृण्मयी
लॅपटॉपवर साधं पाणी सांडलं तर ते निदान उडून जातं. कोला किंवा ज्यूसमधली साखर आणि आम्ल मात्र आतच राहतं. म्हणून हा धागा फक्त गोड पेयांपुरता. एक प्रसंग धरून चालूया: अर्धा ग्लास कोला कीबोर्डच्या उजव्या बाजूला सांडलाय, एंटर आणि शिफ्ट चिकटतायत, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात शिंतोडे आहेत. कोण काय करतं, कशाने बिघडतं, नेमकं लिहा.

सदानंद
आधी वीज, मग सफाई. चार्जर काढा आणि पॉवरचं बटण दहाएक सेकंद दाबून धरा. फाइल सेव्ह करत बसू नका. लॅपटॉप बंद झाला तरी बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्डच्या काही भागांत वीज असतेच, आणि ओल्या जागी वीज असली की गंज फार झपाट्याने चढतो. खालचं झाकण उघडता येत असेल तर सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. कोला वरवर टिपून घ्या, पुसू नका. पुसलं की तो बटणांच्या फटीत ढकलला जातो. मग लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा घाला आणि निथळू द्या. हलवायचा, झटकायचा नाही.

केदार
एवढ्या भानगडी कशाला? ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यायचं, बटणांखाली फिरवायचं, झालं. लगेच उडतं आणि सगळं साफ.

सदानंद
@केदार, अर्धं बरोबर. बोर्डसाठी ते चांगलंच, पण साखर शुद्ध अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळतच नाही. तुम्ही घासता तेव्हा ती नुसती इकडची तिकडे होते आणि दोन दिवसांनी बटण परत चिकटतं. साखर पाण्यातच सुटते. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, मग अल्कोहोल. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार मागे राहतात.
एंटरची टोपी काढलीत की खाली कात्रीसारखी प्लास्टिकची दुहेरी चौकट दिसते. तिच्या बिजागरीपाशी तपकिरी, चमकदार थर असतो. बटण अडतं ते तिथे. कापसाची काडी डिस्टिल्ड पाण्यात बुडवून चांगली निपटून घ्या, त्या थरावर थोडा वेळ टेकवून ठेवा, मग फिरवा. काड्या बदलत राहा. शेवटची काडी पांढरी निघाली आणि बोटाला चिकटली नाही, की साखर गेली. त्यानंतर अल्कोहोलची काडी फिरवा, म्हणजे उरलेलं पाणी ते घेऊन जातं. हे करताना बॅटरी सुटलेली हवी आणि जवळपास ज्योत नको.

नीलेश
एंटर, शिफ्ट, स्पेसबार यांच्या टोप्या सरसकट उचकटू नका. रुंद बटणांखाली आडवी तार असते आणि ती ज्या आकड्यांत अडकते ते आकडे नखाएवढेही नसतात. तुटले की फक्त टोपी बदलून भागत नाही. आपल्या मॉडेलची टोपी कुठल्या बाजूने सुटते ते आधी पाहून घ्या.
एकच बटण चिकट असेल तर सफाई पुरते. पण शेजारशेजारची तीन-चार बटणं मुकी झाली, किंवा एखादं आपोआप दाबलं जायला लागलं, तर कोला कीबोर्डच्या आतल्या पातळ पडद्यांच्या मधे शिरलाय. तिथे काडी पोचत नाही. कीबोर्डच बदलायचा.

वैशाली
माझ्याकडे वेगळा, वायरचा मेकॅनिकल कीबोर्ड आहे. त्यावर ज्यूस पडला तर हेच सगळं करायचं का? टोप्या साबणाच्या पाण्यात टाकल्या तर?

नीलेश
ताई, हा धागा लॅपटॉपचा आहे, पण टोप्या खुशाल धुवा. स्विचला साबण नको.

अर्चना
स्क्रीनकडे कुणी वळलंच नाही. स्क्रीनवर काहीही फवारायचं नाही, ओघळ खालच्या कडेतून आत जातो. मायक्रोफायबर कापड डिस्टिल्ड पाण्याने दमट करा. पिळलं तर एक थेंबही पडता कामा नये. वाळलेला डाग खरवडू नका. कापड त्यावर अर्धा मिनिट टेकवलं की साखर मऊ होते. मग खालून वर पुसा आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. अल्कोहोल मी स्क्रीनला लावत नाही, काही लेप त्याने धुरकट होतात.

केदार
काही कंपन्या स्वतःच ७० टक्के चालेल म्हणतात की.

अर्चना
त्या मॉडेलपुरतं. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तर लावा.

मृण्मयी
आणि वाळायला किती वेळ? हेअर ड्रायर?

सदानंद
गरम हवा नको, टोप्या वाकतात आणि ओल आणखी आत जाते. साध्या पंख्यासमोर ठेवा. कोणी २४ तास म्हणतं, कोणी ४८. मी ४८ धरतो. पण न उघडता आठवडाभर ठेवलात तरी साखर तिथेच असणार. बॅटरी जोडण्याआधी बोर्डवर हिरवट किंवा पांढरट बुरशीसारखा थर दिसतोय का पाहा, विशेषतः स्क्रीनच्या केबलच्या सॉकेटपाशी. दिसला तर चालू करू नका, आधी तो साफ व्हायला हवा.

वैशाली
स्क्रीनच्या आतच ढगासारखा डाग दिसत असेल तर?

अर्चना
म्हणजे ओल कडेने चढून पडद्यांच्या थरांत गेली. बाहेरून पुसून तो जाणार नाही. साधं पाणी असेल तर वाळून फिका होतो, गोड पेयाची कड बहुधा राहते. डाग वाढत नसेल आणि कामात अडत नसेल तर मी पॅनल उघडत नाही.

नीलेश
मी उघडतो, थर नव्याने बसवता येतात. पण एक धुळीचा कणही आत गेला तर तो कायमचा दिसतो, हे धरूनच.