अपघात लपवून विकलेली सेकंडहँड गाडी: परत करू की पैसे कमी करून घेऊ? सल्ला हवा

प्रवासी_७१
चार महिन्यांपूर्वी एका वापरलेल्या गाड्यांच्या विक्रेत्याकडून 2019 ची हॅचबॅक घेतली. जाहिरातीत "नॉन ॲक्सिडेंटल" लिहिलं होतं. मी मेसेजवर मुद्दाम विचारलं, "कुठे ठोकलेली नाही ना?" उत्तर आलं, "एक ओरखडासुद्धा नाही." पुढचा उजवा टायर आतल्या बाजूने घासायला लागला म्हणून नऊ दिवसांपूर्वी अलाइनमेंटला नेली. तिथल्या माणसाने दोनदा माप घेतलं आणि म्हणाला, "उजव्या चाकाचा कल, म्हणजे कॅम्बर, बसतच नाही. गाडी पुढून लागलेली आहे." बोनेट उघडून त्याने उजव्या ॲप्रनची, म्हणजे चाकाच्या वरच्या आतल्या पत्र्याची, आतली बाजू बॅटरी लावून दाखवली. पत्र्याला चुण्या होत्या आणि वर जाड रंग मारलेला होता.

विक्रेता म्हणतो, "या, फुकट अलाइनमेंट करून देतो, वर थोडी रक्कमही देतो, फक्त एका कागदावर सही करा." माझं तीन हजार दोनशे किलोमीटर चालवून झालंय, अजूनही रोज ऑफिसला नेतो. बायको त्या गाडीत मुलांना बसवायला तयार नाही. व्यवहार रद्द करून पूर्ण पैसे मागावेत की किंमत कमी करून घ्यावी?

निळा_पाना
रंगाची जाडी मोजणारं मीटर लावा, सगळं उघडं पडेल. कंपनीचा रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन असतो. 300 दिसलं की गाडी ठोकलेली आहे, विषय संपला. तेवढ्यावर पैसे परत मागा.

लांबी_भरणारा
पाना, अर्धं बरोबर आहे. मीटर रंग सांगतं, अपघात नाही. कुणी दारावर किल्लीने रेघ ओढली आणि मालकाने ते दार रंगवून घेतलं, तरी 250 येईल. दीड हजार आलं तर खाली लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, आहे हे नक्की, पण तीही पार्किंगमधल्या खड्ड्यासाठी भरलेली असू शकते. प्लास्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालतही नाही. विक्रेता नेमकं हेच म्हणेल: "किरकोळ टचअप होतं."

मी बावीस वर्षं डेंटिंग करतोय. तुमच्या बाजूने बोलणारी गोष्ट रंग नाही, सांगाडा आहे. कंपनीचे स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर, एकाच आकाराच्या गोल खळग्यांसारखे असतात. डाव्या ॲप्रनवर बोट फिरवा, मग उजव्यावर. उजव्या बाजूला ते खळगे नसतील, किंवा ग्राइंडर मारून सपाट केलेले असतील, तर तिथे पत्रा कापून पुन्हा जोडलाय. सांध्यावरचं सीलंटही बघा. कंपनीचं सरळ एका रेषेत असतं, हाताने लावलेलं फुगीर आणि वाकडं दिसतं. अजून एक जागा लोक विसरतात: सीट बेल्ट पूर्ण ओढून तळाशी शिवलेली पट्टी वाचा. बहुतेक गाड्यांत तिच्यावर उत्पादनाची तारीख असते.

प्रवासी_७१
आत्ता बघून आलो. डावा बेल्ट 2019 चा, ड्रायव्हरचा उजवा 2022 चा! म्हणजे मी घेण्याच्या कितीतरी आधी अपघात झाला हे सिद्ध झालं ना?

लांबी_भरणारा
पूर्ण नाही. ती तारीख बेल्ट कधी बनला ते सांगते, कधी बसवला ते नाही. पण बेल्ट सहसा असाच कुणी बदलत नाही. जोराची धडक बसली की बेल्ट झटक्यात आवळणारा त्याचा प्रीटेन्शनर उडतो आणि मग बदलावाच लागतो. आता एअरबॅगचा दिवा बघा. चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझायला हवा. लागतच नसेल तर गाडी चालवू नका. उडालेली बॅग न बदलता दिवा बंद करून गाडी विकणारे लोक आहेत.

सागरवेळ
इतका त्रास कशाला? आत्ता सोडली तर भाव बरा येईल, विकून टाका. मी माझी जुनी अशीच काढली.

प्रवासी_७१
सागर, मी विकण्याबद्दल विचारत नाहीये. आणि माहीत असताना न सांगता विकली तर त्या विक्रेत्यात आणि माझ्यात काय फरक राहिला? तिच्यातही कुणाची तरी मुलं बसणार.

काळा_डगला
न विकण्याला कायद्याचंही कारण आहे. गाडी हातात नसेल तर व्यवहार रद्द करायला परत काय देणार? वकिली करते म्हणून लिहिते. नियम आणि मुदती ठिकाणानुसार बदलतात, त्या तुमच्याकडे तपासून घ्या. पण गाभा बऱ्याच ठिकाणी सारखा आहे.

आधी तातडीचं. फसवणूक कळल्यावरही गाडी वापरत राहिलात, तर "त्यांनी व्यवहार मान्य केला" असा अर्थ काढता येतो. म्हणून आजपासून उभी करा, ओडोमीटरचा फोटो काढा आणि दुरुस्तीला हात लावू नका. अलाइनमेंटही नको, तो वाकडेपणा हाच पुरावा आहे. विक्रेत्याच्या कागदावर तर अजिबात सही करू नका. त्यात "यापुढे कोणतीही तक्रार नाही" असं एक वाक्य बहुधा असतंच.

आता तुमचा प्रश्न. दोन्ही एकदम मिळत नाहीत. गाडी ठेवून किंमत कमी करून घ्यायची, किंवा गाडी परत देऊन पैसे घ्यायचे. नुसता पॅनेल रंगवलेला असता तर मी पहिला मार्ग सुचवला असता. सांगाडा कापून जोडला असेल आणि घरचे बसायला तयार नसतील, तर रद्द करणंच योग्य. पत्रात मुख्य मागणी ती ठेवा आणि पर्यायी म्हणून किंमत कमी करण्याची.

हिशोब असा. समजा बिनअपघाती गाडीचा बाजारभाव 100 भाग आणि तीच अपघाती असेल तर 70. तुम्ही घासाघीस करून 90 दिले. तर सरळ 30 वजा होत नाहीत. 90 चे 70 टक्के म्हणजे 63 ही योग्य किंमत, आणि परत मिळतात 27. तो 70 चा आकडा स्वतंत्र तपासनीसाने लेखी द्यायला हवा, खरा वाद तिथेच होतो. रद्द केल्यास बऱ्याच ठिकाणी तुमच्या वापराची वजावट मागतात. गाडीचं दीड लाख किलोमीटर आयुष्य उरलं होतं असं धरलं, तर 3,200 किलोमीटरचे 90 पैकी दोनही भाग होत नाहीत. त्याला घाबरू नका.

जुना_मालक
माझा अनुभव उलटा आहे. मी एका घरगुती मालकाकडून घेतली होती. अपघात त्याच्याही आधीच्या मालकाच्या हातून झाला होता आणि या बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. फसवणूक सिद्ध झाली नाही, हात हलवत परत आलो. "त्याला माहीत होतं" हे कसं दाखवणार?

काळा_डगला
हाच अवघड भाग आहे. पण यांच्याकडे विचारलेला प्रश्न आणि दिलेलं उत्तर, दोन्ही लेखी आहे. न बघता छातीठोक "नाही" म्हणणं हेही खोटं सांगण्याच्या जवळ जातं, विशेषतः रोज गाड्या विकणाऱ्याने. प्रवासी, विक्रेत्याने तपासणीचा तक्ता दिला होता का?

प्रवासी_७१
हो. "सांगाडा: मूळ" समोर बरोबरची खूण आणि खाली सही आहे.

काळा_डगला
मग तो तक्ता जपा. एकतर त्याने बघितलं आणि लपवलं, नाहीतर न बघताच खूण केली. सगळे मेसेज तारखेसकट जतन करा. चॅसिस नंबरवरून सर्व्हिसची आणि विम्याच्या दाव्याची नोंद मागा. 2022 चं बिल सापडलं तर बेल्टची तारीख त्याला जोडता येईल. पत्र छोटं असू द्या: "आपण गाडी अपघातरहित असल्याचे लेखी सांगितले. अमुक तारखेच्या तपासणीत पुढील उजव्या भागाचा सांगाडा दुरुस्त केलेला आढळला. मी व्यवहार रद्द करत आहे. गाडी उभी आहे, ती घेऊन जावी आणि रक्कम 15 दिवसांत परत करावी. तसे न झाल्यास किंमत कमी करून मागण्याचा माझा हक्क राखून ठेवतो."

निळा_पाना
लांबीभाऊ, मीटर मग नेऊच नको का?

लांबी_भरणारा
ने की. छप्पर आधी मोज, ते सहसा कुणी रंगवत नाही, तुलनेला तेच धरायचं.

प्रवासी_७१
गाडी उभी केली. एअरबॅगचा दिवा लागतोय आणि विझतोय, पण ऑइलच्या दिव्याबरोबर अगदी एकाच क्षणी. हे ठीक आहे का?

लांबी_भरणारा
दोन्ही एकत्र विझत असतील तर मला शंका येते. एअरबॅगची तार ऑइलच्या दिव्याला जोडून देतात, हा जुना उद्योग आहे. स्वतः उघडू नका. तपासनीसाला आधी तेच स्कॅनरवर वाचायला सांगा आणि प्रिंट घ्या.