एकॉमवर ५ मिमीचा ॲन्युरिझम: कॉइलिंग की वाट पाहणं?

सांगलीकर_लेक: आईचं वय ५४. चक्कर येते म्हणून एमआरआय केला, त्यात एमआर अँजिओवर एकॉमला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या रक्तवाहिन्या जोडणाऱ्या वाहिनीला, ५ मिमीचा ॲन्युरिझम, म्हणजे फुगा, निघाला. बीपीची गोळी चालू आहे, घरात कुणाला ब्रेन हॅमरेज झालेलं नाही. एक सर्जन म्हणतात कॉइलिंग करून टाका, म्हणजे रक्तवाहिनीतून जाऊन फुगा बारीक तारेने भरून टाका, दुसरे म्हणतात वर्षभराने स्कॅन करा. ५ मिमी म्हणजे लहानच ना? मग दोन मतं का?

निवांत_नाना: ताई, अजिबात हात लावू नका. २००३ साली लॅन्सेटमध्ये मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला होता. आधी रक्तस्राव झालेला नसेल आणि फुगा मेंदूच्या पुढच्या बाजूच्या रक्तवाहिनीवर ७ मिमीपेक्षा लहान असेल, तर पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण शून्य टक्के. एकॉम त्यातच येतं. विषय संपला.

रात्रपाळी_सिस्टर: नाना, तुमचं शून्य कागदावर. मी न्यूरो आयसीयूत काम करते. फुटून येणाऱ्यांचे रिपोर्ट बघा, एकॉम ४ मिमी, एकॉम ५ मिमी, हेच जास्त. ५४ म्हणजे काही म्हातारपण नाही. फुटायची वाट कशाला बघायची?

फिल्मवाला (रेडिओलॉजी): सिस्टर म्हणतात ते खरं आहे, पण त्यावरून निष्कर्ष निघत नाही. शंभर जणांत साधारण तिघांना असा फुगा असतो आणि बहुतेकांचा लहानच असतो. त्यामुळे फुटलेल्यांतही लहानच जास्त दिसणार. न फुटलेले आयसीयूत येतच नाहीत.

नानांच्या शून्यातही मेख आहे. त्या काळच्या डॉक्टरांना जे फुगे धोक्याचे वाटले, त्यांच्यावर आधीच उपचार झाले होते. नुसते पाहत ठेवले ते उरलेले, बऱ्यापैकी निरुपद्रवी. पुढे २०१२ मध्ये जपानचा मोठा अभ्यास आला, त्यात एकॉम आणि पीकॉम, म्हणजे मागच्या जोडवाहिनीचे फुगे, एमसीए या मेंदूच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीवरच्यांपेक्षा जास्त फुटताना दिसले.

फुटण्याचा धोका मोजायचा फेजेस स्कोअर असतो, तो आईंचा काढू. बीपीचा १ गुण. वय सत्तरच्या आत, म्हणून ०. ७ मिमीपेक्षा लहान, ०. आधी रक्तस्राव नाही, ०. एकॉम जागेचे ४. एकूण ५, म्हणजे पाच वर्षांत फुटण्याची शक्यता १.३ टक्के. हाच फुगा एमसीएवर असता तर ३ गुण आणि ०.७ टक्के. आकार तोच, नुसत्या जागेने धोका जवळपास दुप्पट. थांबा म्हणणारे सर्जन आकाराकडे बघतायत, कॉइलिंगवाले जागेकडे. मात्र या स्कोअरमध्ये युरोप-अमेरिका, जपान आणि फिनलंड आहेत, भारत नाही. मी युरोपचे ० गुण धरलेत, तो अंदाजच समजा.

निवांत_नाना: म्हणजे शून्य नाही, सव्वा टक्का. तरी कॉइलिंगपेक्षा कमीच की! त्यात गुंतागुंत पाच टक्क्यांच्या आसपास होते ना?

फिल्मवाला: हो, आणि कवटी उघडून फुग्याला चिमटा लावतात त्या क्लिपिंगमध्ये आठच्या आसपास. तेवढं बरोबर धरलंत.

रात्रपाळी_सिस्टर: पण ते पाच टक्के एकदाच. आईंना अजून तीस वर्षं काढायचीत. पाच वर्षांचा आकडा किती वेळा मोजणार?

फिल्मवाला: सरळ गुणाकार चालत नाही. काही फुगे वर्षानुवर्षं तसेच राहतात, काही मध्येच वाढतात, आणि वाढलेलाच जास्त भिववतो. पण वय कमी असलं की उपचाराकडे पारडं झुकतं, हे मान्य. दुसरं, कॉइल घातली म्हणून स्कॅन सुटत नाहीत. काहींमध्ये फुगा पुन्हा भरतो.

बारामतीचा_पुतण्या: आमच्या काकांचा पीकॉमचा २ मिमीचा होता. घरात सहा महिने सुतक असल्यासारखं. शेवटी डीएसए, म्हणजे रक्तवाहिनीत नळी घालून करतात ती अँजिओग्राफी, केली तर ॲन्युरिझम नव्हताच, शाखा फुटते तिथे नरसाळ्यासारखा रुंद भाग होता म्हणे. आधी डीएसए करा.

फिल्मवाला: पीकॉमला हे नेहमी होतं. नरसाळ्याच्या टोकातून शाखा निघताना दिसली की तो इन्फंडिब्युलम. एकॉमच्या ५ मिमीला ते सहसा लागू नाही, आणि डीएसएचाही थोडा धोका असतो, म्हणून उपचार ठरत असेल तरच.

थांबायचं ठरलं तर सहा महिने ते वर्षाने स्कॅन, आणि तोच प्रकार, शक्यतो त्याच मशीनवर. आज एमआर अँजिओ आणि पुढच्या वेळी सीटी अँजिओ केली, तर मोजमापातच मिलिमीटरभर फरक पडतो आणि "वाढला" म्हणून धावपळ होते. बीपी आटोक्यात हवं. सिगारेट कुणी ओढत असेल तर बंद. चक्कर बहुधा याची नाही. पण आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी एका क्षणात उठली, तर थेट इमर्जन्सीत.

सांगलीकर_लेक: रिपोर्ट पुन्हा वाचला, दादा. "लोब्युलेटेड, वरच्या टोकाला लहान उपपिशवी" असं लिहिलंय. हे सांगायचं राहिलं.

रात्रपाळी_सिस्टर: बघा!

फिल्मवाला: मग माझं १.३ कमी पडतं. फेजेसमध्ये फुग्याच्या ठेवणीला गुणच नाहीत, आणि जपानी अभ्यासात अशी पिशवी असलेले जास्त फुटले होते. आता मी कॉइलिंगवाल्या सर्जनांच्या बाजूला थोडा सरकलो. पण ५ मिमीच्या फुग्यावर एमआर अँजिओत अशी पिशवी कधी कधी नुसती भासते. मूळ चित्रांची सीडी दोन्ही सर्जनांना दाखवा, नुसता रिपोर्ट नको.

निवांत_नाना: मी अजूनही थांबाच म्हणेन. सीडी मात्र दाखवा.