मदत हवी आहे: पावसाळ्यासाठी मार्कोव्ह साखळीचा मॅट्रिक्स वेगळा घ्यावा का?

मंडळी, रत्नागिरीत मासळी वाहणाऱ्या 12 टेम्पोंचा हिशेब आहे. अवस्था तीन: चांगली, झिजलेली, बंद. पायरी एका आठवड्याची. चांगली गाडी झिजण्याची शक्यता 0.2, झिजलेली बंद पडण्याची 0.3, बंद गाडी दुरुस्त होऊन चांगली होण्याची 0.6, उरलेल्या गाड्या जागच्या जागी.

स्थिर स्थितीत प्रत्येक टप्प्यावरचा प्रवाह सारखाच असतो, म्हणून 0.2च = 0.3झ = 0.6ब. त्यातून च = 3ब, झ = 2ब. बेरीज 1 धरली की 1/2, 1/3, 1/6, म्हणजे सरासरी 2 गाड्या बंद.

पावसाळ्यात चिखल आणि खाऱ्या हवेने 0.2 चे 0.4 होतात. मग 1/3, 4/9, 2/9. बंद गाड्या 2.67. जुन्या स्थितीपासून आठवड्यागणिक गुणाकार केला तर बंदचा वाटा 0.167, 0.197, 0.218 असा चढतो. पहिल्या आठवड्यात तो हलतच नाही, कारण झीज आधी मधल्या अवस्थेत साठते.

वर्षभराचा एकच सरासरी मॅट्रिक्स घेतला तर पावसाळ्याची गरज झाकली जाते, असं माझं मत. पण सुटा भाग यायला उशीर झाला की 0.6 आठवड्यागणिक बदलतो. तेव्हा ‘बंद’चे दोन भाग करावेत, की दुरुस्तीचा सरासरी काळ बरोबर धरला तर स्थिर वाटा तोच येतो?