डिस्क शेड्युलिंग: स्कॅन पद्धतीत हेड १९९ पर्यंत न्यायचंच का?

तिसरं_सेमिस्टर: ट्रॅक ० ते १९९, हेड ६० वर, वर चाललेलं. मागण्या: ९०, २०, १७६, ३५, १५०, ७५. हेड एकूण किती ट्रॅक सरकतं ते स्कॅनने मी २७२ काढले, सरांनी ३१८ म्हणत गुण कापले. १७६ नंतर वर कुणीच नाही, मग पुढे कशाला जायचं?

जुना_अॅडमिन: गुण बरोबर कापलेत. तू सोडवलंस ते लूक, त्यात हेड शेवटच्या मागणीवरूनच मागे फिरतं. ६० वरून १७६ म्हणजे ११६, तिथून मागे फिरून २० पर्यंत १५६, मिळून २७२. स्कॅनचं हेड टोकाला टेकूनच फिरतं: ६० ते १९९ म्हणजे १३९, मग २० पर्यंत १७९, एकूण ३१८. जास्तीचे ४६ म्हणजे १७६ ते १९९ हे २३ ट्रॅक, जाऊन-येऊन.

गच्चीवरचा: म्हणजे स्कॅन निव्वळ फुकटची पायपीट! आमची लिफ्टसुद्धा सातव्यावर शेवटचा माणूस उतरला की गच्ची बघायला जात नाही. तरी पुस्तकं स्कॅनलाच लिफ्ट म्हणतात.

जुना_अॅडमिन: लिफ्टचं खरं. 'निव्वळ फुकट' नाही. हेड १७६ सोडून ४ ट्रॅक सरकलंय आणि तेवढ्यात १८५ ची मागणी आली असं धर. स्कॅन १८० वर असेल, ५ ट्रॅकवर काम झालं. लूक तोवर फिरून १७२ वर आलेलं. ते आधी २० पर्यंत उतरणार, मग १८५ ला चढणार, म्हणजे ३१७ ट्रॅकनंतर. कागदावरच्या उदाहरणात नवी मागणी येतच नाही, म्हणून लूक कधीच हरत नाही.

गच्चीवरचा: हे एक मुद्दाम शोधलेलं उदाहरण झालं. रोजच्या कामात मी लूकच घेईन.

नवा_लॅपटॉप: माझ्याकडे एसएसडी आहे. लूक कुठून सुरू करायचं? गेम उघडायला वेळ लागतो.

जुना_अॅडमिन: एसएसडीत सरकणारं हेडच नाही, गेमचं दुखणं दुसरीकडे शोध. लिनक्स असेल तर `sda` च्या जागी तुझ्या डिस्कचं नाव टाकून हे बघ:

```
cat /sys/block/sda/queue/scheduler
```

चौकटी कंसात असेल तो शेड्युलर चालू. फिरत्या डिस्कवर बहुधा `mq-deadline` दिसेल. तो मागण्या एकाच दिशेने चढत्या क्रमाने उरकतो, पण वाचनाची मागणी अर्धा सेकंद ताटकळली की तिला आधी घेतो.

तिसरं_सेमिस्टर: पण पेपरात पहिली दिशा दिली नसती तर? खाली निघालं तर लूकचे १९६च होतात: ४० आणि १५६.

गच्चीवरचा: मग दोन्ही लिहायचे.

जुना_अॅडमिन: नाही. गृहीत धरलेली दिशा उत्तराच्या पहिल्या ओळीत लिहायची आणि एकच सोडवायचं. मी तपासणारा असतो तर दोन उत्तरांना शून्य दिलं असतं.

गच्चीवरचा: प्रश्न अर्धवट काढणाऱ्याला किती?